पांढरा लाइट आहे, चित्र नाही: पोर्ट बदलायच्या आधी

प्रश्न: «मुलगा नववीत आहे. आमचा जुना पीएस४ चालू होतो, पांढरा लाइट लागतो, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’. मुलानं व्हिडिओ बघून एचडीएमआय पोर्ट ऑनलाइन मागवलाय आणि तो स्वतः बदलणार म्हणतोय. करू द्यावं का? आणि त्याला हे काम खरंच शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?»

पोर्ट बदलू देऊ नका. कधीच नको असं म्हणत नाही, आत्ता नको. पोर्ट गेलाय हे अजून कुणी तपासलेलंच नाही. व्हिडिओतल्या माणसाचा पोर्ट गेला होता, एवढंच आत्तापर्यंत सिद्ध झालंय.

माझं दुकान तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात आहे. कॅसेटवाल्या टीव्ही गेमपासून हेच करतोय. गेली चार वर्षं शेजारच्या टेलरचा मुलगा शाळा सुटली की माझ्याकडे येऊन बसतो. त्याला सगळे बारक्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. तुमच्या मुलाचं जे झालंय तेच त्याचं पहिल्या वर्षी झालं होतं, आणि ते ज्या मशीनवर सुटलं तिची तक्रारही अगदी हीच होती. म्हणून ती हकिकतच सांगतो. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

आला तेव्हा बारक्या सातवीत होता. पहिले दोन महिने मी त्याच्या हातात पेचकस दिलाच नाही. घरोघरच्या माळ्यावरून आलेले कॅसेटवाले गेम साफ करायचे, एवढंच काम. कॅसेटच्या पट्टीवर साठ पितळी दात असतात, ते काळे पडले की गेम लागत नाही. लोक फुंकर मारतात, तोंडातली ओल जाऊन ते आणखी काळे पडतात. बारक्या पांढऱ्या खोडरबरानं दात घासायचा, गेम लागायचा आणि स्वारी खूश. मी मात्र त्याला दरवेळी विचारायचो, «खराब काय होतं? कॅसेट का मशीन?» सुरुवातीला त्याला हा प्रश्नच कळायचा नाही. गेम लागला ना, मग झालं! मग मी चालू असलेली एक कॅसेट आणि चालू असलेलं एक मशीन बाजूला काढून ठेवलं. आलेली कॅसेट आपल्या मशीनमध्ये घाल, आपली कॅसेट आलेल्या मशीनमध्ये घाल, आणि मग सांग. हात लावायच्या आधी दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं. कन्सोल दुरुस्तीत मी शिकवतो ते जवळजवळ एवढंच. पुढं फक्त अर्धे बारीक होत जातात.

आता ती मशीन. पीएस४ भारतात २०१४ च्या जानेवारीत आला. ही त्याच पहिल्या जाड्या मॉडेलची होती. गिरणीवाल्यांचा मुलगा मे महिन्यात घेऊन आला. त्या महिन्यात आमच्याकडे ओळीनं तीन पीएस४ आले होते आणि तिघांचेही पोर्ट गेले होते. घाईत केबल तिरकी घातल्यामुळे आतल्या पिना वाकलेल्या. तीन पोर्ट मी बदलताना बारक्यानं बघितले होते. त्यामुळे चौथा आला, पांढरा लाइट लागला, चित्र नाही म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, «काका, पोर्ट.»

मी म्हटलं, «वही घे.»

माझ्याकडे दोनशेपानी वही असते. पानावर तीन रकाने: गिऱ्हाईक काय म्हणालं, आपल्याला काय दिसलं, मोजल्यावर काय आलं. तिसरा रकाना भरेपर्यंत चौथा, म्हणजे ‘काय बदललं’, काढायचाच नाही. बारक्याला याचा भयंकर कंटाळा यायचा.

पहिला रकाना भरायला गिऱ्हाइकाला बोलतं करावं लागतं. «काय झालं?» विचारलं की दहातले नऊ जण «काही नाही केलं, आपोआप बंद पडलं» म्हणतात. म्हणून मी त्याला दोनच प्रश्न शिकवले होते. एकदम गेलं की हळूहळू? आणि जायच्या आधी काही वेगळं व्हायचं का? गिरणीवाल्यांचा पोरगा डोकं खाजवत म्हणाला, महिनाभर तासाभरानं चित्र जायचं, जरा बंद ठेवून लावलं की परत यायचं. आता चार दिवस आलंच नाही. बारक्यानं ते निमूट लिहून घेतलं. खरं उत्तर त्या ओळीतच होतं, पण त्या वेळी ते ना त्याला दिसलं ना मला.

दुसरा रकाना बघण्याचा. मशीन चालू केली. एक बीप, निळा लाइट थोडा वेळ धडधडला, मग पांढरा झाला आणि स्थिर राहिला. डिस्क घातली तर आत ओढून घेतली. पंखा शांत. म्हणजे मशीन उठतेय, पुरवठा ठीक, मेंदू ठीक. ती बोलतेय, टीव्हीपर्यंत आवाज पोचत नाही. इथं एक सांगून ठेवतो, कारण लोक यात गफलत करतात: निळाच लाइट धडधडत राहून मशीन बंद पडत असेल तर ती गोष्ट सर्वस्वी वेगळी. त्यात हार्ड डिस्कपासून मुख्य चिपखालच्या सोल्डरपर्यंत काहीही असू शकतं, आणि मी खाली सांगतोय ते तिथं पुरत नाही. तुम्ही पांढरा म्हणालात, म्हणून पुढचं सांगतोय.

मग दुसरी केबल, दुसरा टीव्ही, त्याच टीव्हीचं दुसरं भोक. त्यानंतर सेफ मोड. मशीन पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दाबून धरायचं, पहिली बीप होते, सात सेकंदांनी दुसरी होते, तेव्हा सोडायचं. सेफ मोडमध्ये मशीन अगदी साधं, कमी रिझोल्यूशनचं चित्र पाठवते. नेहमी चित्र नाही पण सेफ मोडमध्ये आलं, तर बहुतेक वेळा सेटिंगची भानगड असते. तिथं दुसऱ्या क्रमांकावर रिझोल्यूशन बदलायचा पर्याय असतो, कंट्रोलर मात्र वायरनं जोडावा लागतो. फुकटात काम होतं. या चाचणीनं वाचलेली गिऱ्हाइकं मी बरीच बघितलीत आणि ही चाचणी न करता पोर्ट उपटलेल्या मशीनही बघितल्यात. आमच्याकडे सेफ मोडमध्येही काळंच.

मग पोर्टात टॉर्च मारून भिंगातून बघितलं. बारक्या बराच वेळ बघत राहिला. एकही पिन वाकलेली नाही, जीभ तुटलेली नाही, केबल घट्ट बसते. «तरी आतून गेला असेल,» म्हणाला. असेलही. पण आता ‘असेल’ला जागा नव्हती, मोजायचं होतं.

मोजायला मशीन पूर्ण उघडावी लागते. पॉवर सप्लायचा डबा, डिस्क ड्राइव्ह, मग बोर्ड. इथं तुमच्यासाठी एक सक्त सूचना. वायर काढली तरी त्या सप्लायच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात. डबा बंद असतो, तो अख्खा बाहेर काढून ठेवायचा, त्याला उघडायचं नाही. मुलाला तर नाहीच. आणि चिपवरचा हीटसिंक सुटला की परत लावताना थर्मल पेस्ट नवी लागते, जुन्यावर बसवायचं नाही.

बोर्ड बाहेर आला. पोर्टाच्या मागं एका ओळीत एकोणीस बारीक पाय सोल्डर केलेले असतात. दोन पायांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. मीटरचा जाडा प्रोब तिथं एका वेळी दोन पायांना टेकतो आणि आकडा खोटा येतो. बारक्यानं दोनदा प्रयत्न केला, मग उठून शेजारी वडलांच्या दुकानात गेला आणि हातशिलाईची सर्वांत बारीक सुई घेऊन आला. आम्ही ती काळ्या प्रोबला तारेनं बांधून सोल्डर मारलं. ती सुई आजही तिथंच आहे.

आता एक नंबरचा पाय कोणत्या टोकाला? हे पाठ करायची गरज नाही, पोर्ट स्वतः सांगतो. मीटर बझरवर ठेवायचा, एक प्रोब बोर्डाच्या ग्राउंडला म्हणजे पोर्टाच्या पत्र्याला, आणि सुई एकेका पायावरून फिरवायची. एचडीएमआयचे दोन, पाच, आठ, अकरा आणि सतरा हे पाय ग्राउंडचे असतात. म्हणजे योग्य टोकाकडून गेलात तर दुसऱ्या पायावर बीप, मग दर तिसऱ्यावर बीप, अकरापर्यंत. मग बराच वेळ गप्प आणि सतराव्यावर शेवटची. उलट्या टोकाकडून गेलात तर पहिली बीप तिसऱ्यावर येते आणि पुढं मोठी दरी लागते. बारक्या डोळे मिटून ऐकत होता. «काका, हा ठेका आहे,» म्हणाला, आणि टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला. मी इतकी वर्षं आकृती बघून मोजत होतो, मला हे ठेक्यासारखं कधी ऐकू आलं नव्हतं.

दोन ग्राउंडच्या आजूबाजूला जे पाय राहतात ते चित्राचे. एक आणि तीन, चार आणि सहा, सात आणि नऊ अशा तीन जोड्यांवरून रंगांची माहिती जाते. दहा आणि बारा ही चौथी जोडी क्लॉकची, म्हणजे ताल धरणारी. ताल गेला तर बाकीच्या तीन जोड्या कितीही नीट बोलल्या तरी टीव्हीला काही कळत नाही, तो ‘नो सिग्नल’ म्हणतो. पुढचे पाय म्हणजे टीव्हीशी ओळखपाळख करायचे, पाच व्होल्ट, वगैरे.

या आठ पायांची वाट मी बारक्याला रस्त्यासारखी काढून दिली. एका टोकाला एन्कोडर नावाची चौकोनी आयसी, ती चित्र एचडीएमआयच्या भाषेत करते. दुसऱ्या टोकाला पोर्ट. मधे चार इवले फिल्टर, तांदळाच्या कणीएवढे, प्रत्येकाला चार पाय. एका जोडीला एक फिल्टर. म्हणजे चित्र न येण्याची जागा तीनच: आयसी, फिल्टर, पोर्ट. नवशिके यांतला मधला भाग विसरतात, कारण व्हिडिओत तो पोर्टामागं धूळ असावी तसा दिसतो.

मीटर डायोडवर लावला. लाल प्रोब ग्राउंडला, काळा म्हणजे सुई पायावर. लाल-काळ्याची ही अदलाबदल मुद्दाम असते, त्यानं आयसीच्या आतले संरक्षक डायोड वाचता येतात. आकडा नेमका किती यावा हे मॉडेलवर आणि तुमच्या मीटरवर अवलंबून असतं, म्हणून इंटरनेटवरचा आकडा पाठ करू नका. आपल्याला बघायचा असतो सारखेपणा. आठ भावंडं एकाच आयसीतून निघालीत, त्यांचे आकडे जवळजवळ एक यायला हवेत.

बारक्यानं लिहिलेलं पान माझ्यासमोर आहे. एक: ४१२. तीन: ४१३. चार: ४११. सहा: ४१२. सात: ४१४. नऊ: ४१२. दहा: ४१३. बारा: काही नाही. मीटरवर ‘ओएल’, म्हणजे वाटच बंद.

त्याचा चेहरा उजळला. «बारावा पाय पोर्टातच तुटलाय.» मी विचारलं, «कशावरून? आपण पोर्टाच्या पायावर सुई ठेवली होती. आकडा आयसीचा यायला हवा होता. तो इथपर्यंत आला नाही. मग तुटलंय ते पोर्टाच्या पुढं की मागं?»

इथं तो बराच वेळ गप्प राहिला. मीही राहिलो. शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम मला हेच वाटतं, उत्तर तोंडात आलेलं असताना गप्प बसायचं. बाहेर एक बाई मोबाइलचं कव्हर बघायला आली, तिला दोन कव्हरं दाखवली, ती न घेता गेली. तेवढ्यात मागून आवाज आला, «मागं. पोर्टाच्या आणि आयसीच्या मधे.»

मग सुई फिल्टरच्या पलीकडच्या, आयसीकडच्या पायावर. ४१२. म्हणजे आयसी जिवंत आणि तिथपर्यंत वाट मोकळी. उरला फिल्टर आणि त्याचे सांधे. आता फिल्टरच्या पोर्टाकडच्या पायावर. ४१३ आला. गेला. आला. परत गेला. बारक्या ओशाळला, सुई काढून हात पँटला पुसला आणि म्हणाला, «हात हलतोय माझा.»

«हात नाही हलत,» मी म्हटलं, «सांधा हलतोय. दाबतोस तेव्हा येतो, उचलतोस तेव्हा जातो. लिही.»

आणि तेव्हा त्यानं पान वर करून पहिला रकाना वाचला. तासाभरानं चित्र जायचं, गार झालं की यायचं. बोर्ड तापला की फुगतो, चिरलेला सांधा उघडतो. गार झाला की परत टेकतो. महिनाभर टेकत राहिला, मग टेकेनासा झाला. गिऱ्हाइकानं पहिल्या दहा मिनिटांत सांगितलेलं आम्हाला दोन तासांनी कळलं. पण त्या वाक्याचे अर्थ एरवी दहा होऊ शकतात, पेस्ट वाळलीय, पंखा तुंबलाय, काहीही. आकड्यानं त्यातला एकच ठेवला.

भिंगाखाली बघितलं तर फिल्टरचा तो पाय आणि खालची पट्टी यांच्यात केसाएवढी काळी रेघ. फिल्टर जरासा तिरका बसलेला. आणि आजूबाजूला फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या चिकट द्रवाचा, पिवळट डाग, नीट न पुसलेला. कारखान्यातून असा बोर्ड येत नाही. याआधी इथं कुणीतरी पोर्ट बदलला होता. पोर्ट काढताना हॉट एअरचा झोत बाजूच्या फिल्टरवर गेला, सोल्डर मऊ झालं, फिल्टर सरकला, अर्धवट चिकटला. त्या दिवशी चित्र आलं असणार, म्हणून मशीन परत दिली असणार.

«कुणी केलं असं काम?» बारक्या चिडून म्हणाला.

डाग माझ्या ओळखीचा होता. तो फ्लक्स मी वर्षभर वापरला आणि मग सोडला, कारण तो असाच पिवळा राहतो. मी काही न बोलता मागच्या वर्षीची वही काढून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं पानं उलटली. गिरणीवाल्यांचं नाव, पीएस४, तक्रार: चित्र नाही. पुढं माझ्याच अक्षरात: पोर्ट बदलला, ओके. दुसरा रकाना मोकळा, तिसरा मोकळा. सणाच्या आधीची तारीख, दुकानात गर्दी असणार. पोर्ट बदलल्यावर मी टीव्हीवर चित्र बघितलं, आठ आकडे घेतले नाहीत. घेतले असते तरी चिकटलेल्या सांध्यानं आकडा बरोबरच दाखवला असता कदाचित. पण भिंगातून बघितलं असतं तर तिरका फिल्टर दिसला असता.

बारक्यानं माझ्याकडे बघितलं आणि वही मिटून ठेवली. काही बोलला नाही, हे त्याचं चांगलं.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. फ्लक्स लावला, बारीक टोकाच्या इस्त्रीनं (आमच्याकडे सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतात) थोडं शिशाचं सोल्डर देऊन चारही सांधे परत वितळवले, चिमट्यानं फिल्टर सरळ केला. मग ओहमवर मोजलं. आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून तारांचा स्वतःचा आकडा बघायचा, तो वजा करायचा. फिल्टरच्या दोन्ही तारांतून एक-दोन ओहम, सारखे. मग परत आठ पाय डायोडवर. बारा: ४१२. अल्कोहोलनं डाग पुसला, नवी पेस्ट, मशीन परत जोडली, टीव्हीला लावली. चित्र आलं. तास-दीड तास गेम चालू ठेवून तापवली, कारण तक्रार तापल्यावरची होती. गार मशीनवर पाच मिनिटं चित्र बघून ‘झालं’ म्हणायचा आम्हाला आता हक्क नव्हता. पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते गिरणीवाल्यांच्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, «काका, मग कंट्रोलरचं पण बघा ना फुकटात.» त्याचे घेतले.

तिसरी शक्यता म्हणजे आयसीच गेलेली. ती कशी ओळखायची तेही सांगतो, कारण पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे तीच जास्त येते. तेव्हा आठातला एखाददुसरा आकडा शून्याजवळ येतो किंवा भावंडांपेक्षा अगदीच वेगळा येतो, आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंना तोच चुकीचा आकडा दिसतो. मग पोर्ट बदलून काही होत नाही. आयसी बदलावी लागते, ती पहिल्या जाड्या मॉडेलची आणि नंतरच्या स्लिम मॉडेलची वेगळी असते. नंबर वाचूनच लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत सांगायचा. ते काम घरचं नाही.

ती का जाते हे मात्र घरचं आहे. पीएस४ ची वायर दोन पिनी असते, अर्थिंग नसतं. अशा मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावून बघा, मंद पेटतो. करंट नगण्य असतो, हाताला मुंग्या येतात एवढाच. टीव्हीला गच्चीवरून किंवा पोलवरून आलेली केबलवाल्याची वायर लागलेली असते, तिचं पोटेन्शियल तिसरंच. मशीन आणि टीव्ही दोन्ही चालू असताना एचडीएमआय केबल खुपसली की हा फरक त्या बारीक पायांतून निघून जातो. कधी अंधारात बारीक ठिणगीही दिसते. वीज कडाडत असेल तर विचारायलाच नको. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: केबल जोडताना-काढताना दोन्ही बाजू भिंतीवरच्या बटणानं बंद, आणि ढग गडगडले की केबलवाल्याची वायरही काढून ठेवा. ऐकतात तीन-चार जण.

आता तुमच्याकडच्या मशीनचं. तिच्यात नक्की काय निघेल ते मी इथून सांगू शकत नाही, तीनपैकी काहीही निघू शकतं, पोर्टसुद्धा. मुलाला वही द्या आणि पहिले दोन रकाने त्याच्याकडून भरून घ्या. लाइट कसा लागतो, डिस्क ओढते का, दुसरी केबल, दुसरा टीव्ही, सेफ मोड, टॉर्चनं पोर्ट. मशीन आधी कधी उघडली गेलीय का, तेही. विकत घेतलेली जुनी असेल तर मागच्या बाजूच्या स्क्रूंवरचे स्टिकर फाटलेत का बघा. याला एक रुपया लागत नाही आणि काही बिघडतही नाही. पोर्टाच्या पिना डोळ्यांना वाकलेल्या दिसल्या तर त्याचा अंदाज खरा, मी माझे शब्द मागे घेतो.

तिसऱ्या रकान्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डायोड आणि बझर असलेला. पहिला महिना त्यानं तुमची मशीन न उघडता एखादा मेलेला बोर्ड मोजावा. आमच्यासारख्या दुकानांत भंगारात मेलेले बोर्ड पडून असतात, शंभर-दोनशेत कुणीही देईल. त्याच बोर्डावर पोर्ट काढायची सवय करावी. पोर्टाचे चार जाड खुंट बोर्डातल्या मोठ्या ग्राउंडच्या थरात रुतलेले असतात, ते सगळी उष्णता पिऊन टाकतात. कारखान्याचं सोल्डर शिसं नसलेलं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. त्यात शिशाचं सोल्डर मिसळून ते आधी मऊ करून घ्यावं लागतं, बोर्ड खालून तापवावा लागतो. नवशिका हे न करता ओढतो आणि पोर्टाबरोबर खालच्या पट्ट्याही उपटून येतात. मग पाचशे रुपयांच्या कामाचं चार हजारांचं होतं. बारक्यानं भंगारच्या बोर्डावर अकरा पोर्ट काढले. पहिल्या सहांच्या पट्ट्या उपटल्या. अकराव्यानंतर मी त्याला गिऱ्हाइकाच्या मशीनला हात लावू दिला, आणि तेव्हाही फिल्टरवर उष्णता अडवणारी पिवळी टेप लावूनच.

अजून एक, कारण कुणीतरी तुम्हाला «बोर्डच बदला» म्हणेल. पीएस४ ची हार्ड डिस्क त्याच बोर्डाशी बांधलेली असते, दुसऱ्या बोर्डावर ती वाचली जात नाही, फॉरमॅट करावी लागते. मुलाचे सेव्ह केलेले गेम ऑनलाइन ठेवलेले नसतील तर जातील. डिस्क ड्राइव्हची छोटी पट्टीही मूळ बोर्डाशीच जुळलेली असते, ती बदलली की डिस्क चालत नाही. म्हणून मुलगा मशीन उघडेल तेव्हा त्या ड्राइव्हच्या पट्टीला हात लावायचा नाही हे आधीच ठरवून घ्या.

मागवलेला पोर्ट परत करू नका, लागू शकतो. मशीनजवळ ठेवू नका फक्त, समोर दिसला की हात वळवळतात. आठ पायांचे आकडे घेता आले तर इथं टाका, फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे. कोणता मीटर ते लिहा. संध्याकाळी सातनंतर बारक्या बसलेला असतो, बहुधा उत्तर तोच देईल.